जर-तरच्या प्रश्नात 'असत्य' बरोबर, तरी गुण का गेले? पालकांना पाठवायचं पत्र तपासून हवं आहे

शाळामास्तरीण

नमस्कार मंडळी. नववी, मराठी माध्यम, राज्य मंडळ, गणित भाग २. प्रथम सत्राच्या पेपरात पहिल्या प्रकरणावर ३ गुणांचा प्रश्न होता:

*खालील सशर्त विधानाचा व्यत्यास लिहा. तो सत्य आहे की असत्य ते सकारण लिहा.*
*जर चौकोन आयत असेल, तर त्याचे कर्ण एकरूप असतात.*

एका मुलाचं उत्तर जसंच्या तसं:

*व्यत्यास – जर चौकोनाचे कर्ण एकरूप असतील, तर तो चौकोन आयत असतो. हा व्यत्यास असत्य आहे. कारण चौरसाचे कर्ण एकरूप असतात, पण चौरस हा आयत नसतो.*

व्यत्यासाला १ गुण दिला, 'असत्य' या निर्णयाला अर्धा, कारणाचा दीड गुण पूर्ण कापला. एकूण ३ पैकी दीड. पालकांनी वहीत चिठ्ठी पाठवली आहे: "उत्तरसूचीतही असत्यच आहे. मुलाने उदाहरणही दिलं आहे. मग निम्मे गुण कशाचे गेले?" प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट पत्र लिहायचं ठरवलं. मसुदा असा:

> मा. पालक, स.न.वि.वि.
> आपल्या पाल्याने व्यत्यास अचूक लिहिला आहे व तो असत्य असल्याचा निर्णयही बरोबर आहे. परंतु दिलेले प्रतिउदाहरण ग्राह्य नाही. व्याख्येनुसार प्रत्येक चौरस हा आयत असतो, त्यामुळे चौरसाने व्यत्यास असत्य ठरत नाही. योग्य प्रतिउदाहरण समद्विभुज समलंब चौकोन हे आहे. कळावे.

वडील वाणिज्य शाखेचे आहेत, गणित सुटून बरीच वर्षं झाली असं त्यांनीच लिहिलंय. हे पत्र वाचून त्यांना पटेल का?

---

निळी_शाई

ताई, मला वेगळीच शंका आहे. व्यत्यास म्हणजे उलट ना? मग उलट केल्यावर "जर चौकोन आयत नसेल, तर त्याचे कर्ण एकरूप नसतात" असं यायला हवं. माझ्या मुलीने वहीत असंच लिहिलंय. या मुलाने कुठेही 'नाही' लिहिलेलं नाही, तरी त्याला पूर्ण १ गुण? मग तुम्ही उलट जास्तच दिलेत.

---

भूमितीवाले_काका

निळी_शाई, व्यत्यासात 'नाही' कुठूनच येत नाही. 'जर'च्या मागची गोष्ट 'तर'च्या मागे जाते आणि 'तर'ची 'जर'च्या मागे येते, बाकी काही बदलत नाही. पुस्तकातले शब्द पूर्वांग आणि उत्तरांग. या दोघांनी जागा बदलायच्या, बस. तुमच्या मुलीने जागा तशाच ठेवून दोन्हींना नकार लावला. ते वेगळं विधान आहे, बारावीच्या तर्कशास्त्रात त्याला 'इन्व्हर्स' या नावाने भेटाल. तपासताना तिचा तो १ गुण जाईल.

गंमत म्हणजे तिचं विधान आणि खरा व्यत्यास यांचं नशीब एकच असतं. एक असत्य तर दुसरंही असत्य, आणि दोन्ही खोटी पाडणारं उदाहरणही तेच. त्यामुळे पुढचं कारण तिने नीट दिलं असेल, तर त्याचे गुण कापू नयेत असं माझं मत.

आता मूळ पत्र. बाई, पत्रात चूक काही नाही, पण 'ग्राह्य नाही' म्हणून तुम्ही थांबलात. वडिलांचा प्रश्न 'का' हा आहे. उदाहरणाने विधान खोटं कसं पडतं, ते आधी सांगा. "कर्ण एकरूप असतील तर तो आयत" हे खोटं पाडायला एकच चौकोन पुरतो, पण त्याला दोन परीक्षा आहेत. त्याचे कर्ण एकरूप असलेच पाहिजेत, आणि तो आयत नसलाच पाहिजे. पहिली हुकली तरी उदाहरण बाद, दुसरी हुकली तरी बाद.

मुलाचा चौरस पहिली परीक्षा पास झाला, दुसरीत नापास. हे वडिलांना एका नजरेत दिसेल असं मांडा.

पहिल्या परीक्षेत नापास होणारी उत्तरंही पेपरात सापडतील. "असत्य, कारण समभुज चौकोनाचे कर्ण एकरूप नसतात" असं लिहिणारी मुलं असतातच. चौरस नसलेला समभुज चौकोन या वादात येतच नाही. व्यत्यास फक्त एकरूप कर्ण असलेल्या चौकोनांबद्दल बोलतोय, बाकीच्यांबद्दल तो गप्प आहे. गप्प असलेल्याला खोटं पाडता येत नाही.

---

आकडेमोड

थांबा थांबा. मुळात व्यत्यास असत्य आहे हेच मला मान्य नाही. कर्ण समान असले की आयत होतो, ही तर कसोटीच आहे. सुतारसुद्धा चौकट काटकोनात आहे का बघायला दोन्ही कर्ण टेपने मोजतो. दोन्ही सारखे आले की चौकट बरोबर. ही पद्धत चुकीची असती तर दरवाजे बसले असते का? उत्तरसूची चुकली आहे. मुलाला निर्णयाचाही अर्धा गुण मिळायला नको होता.

---

भूमितीवाले_काका

आकडेमोड, सुताराची पद्धत अगदी बरोबर आहे, पण तो कर्ण मोजायच्या आधी काय करतो ते बघा. दोन उभ्या पट्ट्या सारख्या लांबीच्या कापतो, दोन आडव्या सारख्या. म्हणजे समोरासमोरच्या बाजू समान, म्हणजे समांतरभुज चौकोन त्याच्या हातात आधीच तयार आहे. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकरूप असतील तर तो आयत, हे शंभर टक्के सत्य आहे. पेपरातल्या विधानात नुसता 'चौकोन' आहे. तो एक शब्द गळला की सत्याचं असत्य होतं.

पटत नसेल तर कागदावर काढा, पाच मिनिटांचं काम आहे. ६ सेमीचा रेषाखंड AC काढा. त्यावर A पासून २ सेमीवर O खूण करा. O मधून AC शी ६० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. तिच्यावर एका बाजूला OB = २ सेमी आणि दुसऱ्या बाजूला OD = ४ सेमी घ्या, ∠AOB ६०° येईल असं. आता BD सुद्धा ६ सेमी झाला. A, B, C, D क्रमाने जोडा.

AB २ सेमी येईल, CD ४ सेमी येईल, BC आणि AD प्रत्येकी सुमारे ५.३ सेमी. कोनमापक लावा: A आणि B जवळ सुमारे १०१°, C आणि D जवळ सुमारे ७९°. कर्ण मात्र दोन्ही तंतोतंत ६ सेमी. एकही काटकोन नाही, म्हणजे आयत नाही.

---

आकडेमोड

काढून पाहिलं. ७९-१०१ आले. कर्ण समान आणि एकही काटकोन नाही, मान्य. समांतरभुजची अट मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. उत्तरसूचीबद्दलचं विधान मागे घेतो. अर्ध्या गुणाबद्दलचं घेत नाही, त्यावर नंतर लिहितो.

---

वाचनवेडी

ताई, तुमच्या मसुद्यातलं "व्याख्येनुसार प्रत्येक चौरस हा आयत असतो" हे वाक्य वडिलांना सगळ्यात जास्त खटकेल. घराघरात आयत म्हणजे लांबट आणि चौरस म्हणजे चारी बाजू सारख्या. प्राथमिकच्या तक्त्यांवरही दोन वेगळी चित्रं आणि खाली दोन वेगळी नावं. मूल तेच घेऊन नववीत आलंय. चूक मुलाची आहे, पण ती हवेतून आलेली नाही. पत्रात तेवढं लिहिलंत तर वडिलांना मुलावर चिडायला कारण राहणार नाही.

आणि एक. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात, व्याख्या २२ मध्ये, चौरस आणि लांबट काटकोनी चौकोन वेगळे ठेवले आहेत. लांबट आकृतीची त्याची व्याख्याच 'काटकोनी, पण बाजू समान नसलेली' अशी आहे. म्हणजे मुलाची समजूत वेडगळ नाही, तिला मोठी परंपरा आहे.

---

भूमितीवाले_काका

वाचनवेडी, व्याख्या २२ अगदी तशीच आहे. पण पेपर युक्लिडच्या व्याख्येवर नाही, आपल्या पुस्तकाच्या व्याख्येवर आहे. आपल्याकडे 'चारही कोन काटकोन असलेला चौकोन म्हणजे आयत', एवढंच. बाजूंबद्दल त्यात अक्षर नाही. चौरसाचे चारही कोन काटकोन आहेत, विषय संपला.

ही व्याख्या सोयीचीही आहे. 'आयताचे कर्ण एकरूप असतात' हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. मुलाला हे सांगायला हरकत नाही: "चौरसाचे कर्ण एकरूप असतात" हे जे वाक्य त्याने बरोबर लिहिलंय, ते खरं आहे कारण चौरस आयत आहे. त्याच्या कारणाच्या पहिल्या अर्ध्या वाक्याचा आधार दुसऱ्या अर्ध्या वाक्याने काढून घेतला.

---

कंपासपेटी

मी पेपर तपासायला बसते, म्हणून व्यवहाराचं बोलते. समद्विभुज समलंब चौकोन हे नाव मुलांना प्रथम सत्रात माहीत असतं का? समलंब चौकोन आठवीत झालेला असतो, पण समद्विभुज समलंब नीट येतो नववीच्या पाचव्या प्रकरणात. प्रश्न पहिल्या प्रकरणाचा आहे. पत्रात तेच नाव 'योग्य उत्तर' म्हणून दिलंत, तर वडील विचारतील की न शिकवलेलं लिहायचं कुठून?

नाव नकोच. आकृती काढून "कर्ण प्रत्येकी ६ सेमी, कोन काटकोन नाहीत" एवढं लिहिलं तरी मी पूर्ण गुण देईन. किंबहुना वरच्या रचनेत OA = १ आणि OB = २ घेतलं, म्हणजे OC = ५ आणि OD = ४, तर एकही बाजू दुसरीला समांतर येत नाही. त्या चौकोनाला कुठलंच खास नाव नाही, तरी व्यत्यास खोटा पाडायला तो तितकाच चालतो. दोन्ही कर्ण मध्यावर छेदले तरच आयत मिळतो.

---

रिकामा_डबा

एक आगंतुक मुद्दा. आपल्या रोजच्या बोलण्यात जर-तर दोन्ही बाजूंनी चालतो. "अभ्यास संपवलास तर खेळायला सोडीन" असं आई म्हणते, तेव्हा मुलाला बरोबर कळतं की नाही संपवला तर नाही सोडणार. आईने ते म्हटलेलं नसतं. भूमितीतला जर-तर मात्र एकेरी रस्ता आहे. मोठ्यांचंही तेच होतं. पीटर वेसनने १९६६ मध्ये मांडलेला चार पत्त्यांचा प्रयोग बघा, 'एका बाजूला स्वर असेल तर मागे सम अंक' हा नियम तपासायला कुठले पत्ते उलटाल असा. बहुतेक सुशिक्षित माणसं सम अंकाचा पत्ता विनाकारण उलटतात आणि विषम अंकाचा हवा असताना सोडतात. पत्रात हे घातलं तर?

---

कंपासपेटी

मुद्दा चांगला आहे, पण या मुलाला लागू नाही. त्याने व्यत्यास आपोआप सत्य धरलेला नाही, असत्यच म्हटलंय. जर-तर त्याला कळलाय. अडला तो आयताच्या व्याख्येवर. जी चूक त्याने केलीच नाही, तिचं स्पष्टीकरण पत्रात नको. ज्यांनी "सत्य, कारण आयताचे कर्ण एकरूप असतात" असं लिहिलं असेल, त्यांच्यासाठी ते ठेवा.

---

आकडेमोड

अर्ध्या गुणाबद्दल. सत्य किंवा असत्य, दोनच पर्याय. नाणं उडवून लिहिलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणार. प्रश्नात 'सकारण' आहे, मग कारण चुकलं की निर्णयाचा गुण कशाच्या जोरावर? इथे तर निर्णय चुकीच्या कारणातूनच आलाय.

---

भूमितीवाले_काका

मी अर्धा गुण देईन. पायरीनुसार गुण देताना प्रत्येक पायरी वेगळी धरायची असते, आणि योजनेत निर्णयाला अर्धा लिहिला असेल तर तो सगळ्या वर्गाला सारखा मिळाला पाहिजे. ज्याने कारणच लिहिलं नाही त्याला अर्धा, आणि ज्याने चुकीचं का होईना लिहिलं त्याला शून्य, असं केलं तर पुढच्या वेळी मुलं कारण लिहायचीच थांबतील.

---

कंपासपेटी

मी दोघांच्या मध्ये. निर्णयाला स्वतंत्र गुण ठेवूच नये, निर्णय आणि कारण मिळून २ असं योजनेतच लिहावं. पण ते पेपर काढताना. आता तपासून झालेल्या पेपरात बदल नको.

मला वेगळं विचारायचंय. दीड गुण पूर्ण कापण्याऐवजी कारणातल्या पहिल्या भागाला, "चौरसाचे कर्ण एकरूप असतात" याला, अर्धा देता आला नसता का? त्याने योग्य प्रकारचं उदाहरण शोधलं, पहिली परीक्षा पास झालेला चौकोन निवडला. समभुज चौकोन लिहिणाऱ्यापेक्षा तो पुढे आहे.

---

शाळामास्तरीण

सगळ्यांचे आभार. कंपासपेटी, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी अडले आहे. वर्गात आणखी चार पेपरांत हाच चौरस आहे. एकाला अर्धा वाढवला तर चौघांना वाढवावा लागेल, आणि समभुजवाल्यांना शून्यच. उद्या पाचही पेपर शेजारी ठेवून बघते. तोवर गुणांचा आकडा पत्रात शेवटी ठेवला आहे. नवा मसुदा:

> मा. पालक, स.न.वि.वि.
>
> आपली चिठ्ठी मिळाली. आपल्या पाल्याने व्यत्यास अगदी बरोबर लिहिला आहे, त्याचा पूर्ण गुण दिला आहे. तो असत्य आहे हेही बरोबर आहे. गुण गेले ते फक्त कारणाचे, आणि ते का गेले ते सांगते.
>
> त्याचा व्यत्यास असा: ज्या चौकोनाचे कर्ण एकरूप, तो चौकोन आयत. हे खोटे आहे असे दाखवायचे तर असा एक चौकोन दाखवावा लागतो, ज्याचे कर्ण एकरूप आहेत आणि तरीही जो आयत नाही. दोन्ही गोष्टी एकाच चौकोनात हव्यात.
>
> त्याने चौरस घेतला. चौरसाचे कर्ण एकरूप असतात, इथपर्यंत ठीक. पण आपल्या पुस्तकात आयत म्हणजे चारही कोन काटकोन असलेला चौकोन. बाजू समान नसाव्यात अशी अट त्यात नाही. चौरसाचे चारही कोन काटकोन आहेत, म्हणून चौरस हा आयतच आहे. म्हणजे चौरस त्या विधानाच्या बाजूनेच साक्ष देतो, विरुद्ध नाही. लहान वर्गांत आयत लांबट आणि चौरस वेगळा अशी चित्रे पाहिल्यामुळे ही समजूत बरीच मुले घेऊन येतात. ती आता सुटायला हवी, कारण पुढे चौकोनाच्या प्रकरणात ती पुन्हा आडवी येईल.
>
> विरुद्ध साक्ष देणारा चौकोन सोबतच्या कागदावर काढून दिला आहे. त्याचे दोन्ही कर्ण ६ सेमी आहेत आणि कोन सुमारे ७९ व १०१ अंशांचे आहेत. घरी पट्टी आणि कोनमापक घेऊन त्याच्याकडून मोजून घ्यावेत. नंतर दोन्ही कर्ण ६ सेमीच ठेवून, ते एकमेकांना मध्यावर छेदतील असा चौकोन त्याला काढायला सांगावा. त्याचे कोन मोजल्यावर फरक त्याच्या लक्षात येईल.
>
> व्यत्यासाचा १ व निर्णयाचा अर्धा, असे दीड गुण दिले आहेत. कारणाच्या गुणांचा सर्व विद्यार्थ्यांसाठी एकत्र फेरविचार करत आहे, दोन दिवसांत कळवते.
>
> आपली,
> गणित शिक्षिका

---

भूमितीवाले_काका

हे पत्र मी असतो तर घरी जपून ठेवलं असतं. एकच सुचवणी: 'साक्ष देतो'च्या जागी 'विधान पाळतो' लिहा. चौरसाने साक्ष दिली म्हणजे विधान खरं ठरलं, असा अर्थ कोणी काढू नये. एक चौकोन विधान पाळतो याने ते सिद्ध होत नाही, पण एक चौकोन ते मोडतो एवढ्याने ते पडतं. खालच्या 'विरुद्ध साक्ष देणारा'चंही 'विधान मोडणारा चौकोन' होईल.

---

निळी_शाई

मुलीला आकृती काढायला दिली. तिने OA आणि OB दोन्ही ३ घेतले आणि म्हणाली, "आई, आयतच आला, मग व्यत्यास सत्य." आता २ सेमीचा काढते आहे. काका, कोन ६० ऐवजी ९० घेतला तर चालेल का? कोनमापक तुटलाय, गुण्या आहे.

---

भूमितीवाले_काका

चालेल, गुण्याचा काटकोन घ्या. OA = OB = २ आणि OC = OD = ४ ठेवा. AB सुमारे २.८ येईल, CD सुमारे ५.७, उरलेल्या दोन बाजू सुमारे ४.५. A जवळचा कोन १०८ च्या आसपास, D जवळचा ७२ च्या. कोनमापक नसला तरी गुण्याचा काटकोन A वर टेकवून बघायला सांगा, बाजू त्याच्या बाहेर जाईल. आणि दोन्ही ३ घेऊन काढलेली ती पहिली आकृती खोडू देऊ नका, शेजारी राहू दे.